स्वेटरच्या लिस्टिंगमध्ये लोकर किती लिहायची

आमच्या काकूंचं नवी पेठेत चादरी-टॉवेलचं दुकान आहे. दिवाळी झाली की पुढच्या दोन फळ्या रिकाम्या करून तिथे स्वेटर आणि शाली लावतात आणि संक्रांतीची गड्डा यात्रा उठली की त्या परत माळ्यावर जातात. सोलापुरात थंडी ती केवढी! पहाटे फिरायला जाणारे, उत्तरेकडे यात्रेला निघालेले आणि पोरगं दिल्लीला किंवा परदेशात गेलेले आईबाप, एवढंच गिऱ्हाईक. म्हणून मागच्या नोव्हेंबरात काकूंनी मला सांगितलं, की उरलेला माल ऑनलाइन टाकून दे. मी एका कर सल्लागाराच्या ऑफिसात बिलं भरायचं काम करतो, त्यामुळे घरात ‘कॉम्प्युटरचं ते’ माझ्याकडेच येतं.

माल होता साठ कार्डिगन. लुधियानाहून आलेले, पुढे बटणं, दोन खिसे, मरून आणि राखाडी रंग. खरेदी ४२० रुपये नग, विक्री ७५०. छातीवर सोनेरी स्टिकर: ‘प्युअर वूल’. मानेच्या आतल्या लेबलवर फक्त साइज आणि एका ब्रँडचं नाव, बाकी कोरं.

१० नोव्हेंबरच्या संध्याकाळी मी फोटो काढून लिस्टिंग भरायला बसलो. नाव, किंमत, साइज झालं. मग ‘मटेरियल’चा रकाना आला. त्यात यादीतून एकच निवडायचं: वूल, अ‍ॅक्रिलिक, अ‍ॅक्रिलिक वूल, वूल ब्लेंड, पश्मिना आणि आणखी बरंच काही. त्याखाली ‘धुण्याची पद्धत’ आणि मग मोकळा मजकूर. काकू शेजारी बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या.

“वूल टाक की.”

“काकू, बिल दाखवा आधी.”

बिल बघायचं कारण सांगतो, कारण हे दुकानदारांनासुद्धा फारसं माहीत नसतं. जीएसटीच्या बिलावर प्रत्येक मालापुढे त्याचा प्रकार सांगणारा एचएसएन कोड असतो. विणलेले स्वेटर, कार्डिगन, पुलओव्हर हे सगळे ६११० मध्ये येतात. पण पुढचे दोन आकडे धाग्याप्रमाणे बदलतात. ६११०११ म्हणजे लोकर, ६११०२० म्हणजे सुती, ६११०३० म्हणजे मानवनिर्मित धागा, म्हणजे अ‍ॅक्रिलिक, पॉलिस्टर वगैरे. मिश्र धागा असेल तर वजनाने जो जास्त त्याचा कोड लागतो. आमच्या बिलावर होता ६११०३०.

कोडमध्ये लबाडी करून घाऊक व्यापाऱ्याला मिळण्यासारखंही काही नव्हतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्केच जीएसटी आहे, मग तो लोकरीचा असो की अ‍ॅक्रिलिकचा. त्यामुळे स्टिकर लावणारा काहीही लावतो, पण बिल करणारा मुनीम खरा कोड टाकून मोकळा होतो. अर्थात याला मर्यादा आहे. छोट्या उलाढालीच्या व्यापाऱ्याला चारच आकडे टाकायची मुभा असते, आणि बिलावर नुसतं ६११० असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. आणि ६११०३० असलं तरी आत लोकर अजिबात नाही असं सिद्ध होत नाही. तीस-चाळीस टक्के असू शकते. स्टिकर खोटं आहे एवढंच त्या रात्री कळलं. खरं काय, ते कळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी लुधियानाला फोन लावला. शेठ हिंदीत जे बोलले त्याचा अर्थ असा, की वूलन म्हणजे गरम कपडा, सगळे असंच लिहितात, तुम्ही एवढं कशाला खोलात जाता. टक्केवारी विचारली तर “मिक्स है” म्हणाले. कॅशमिलॉन आहे का, असं विचारल्यावर “हां, वो भी है.” कॅशमिलॉन हे नाव ऐकून पुष्कळांना काश्मीर आठवतं, पण ते अ‍ॅक्रिलिकच आहे. म्हणजे त्या फोनवरून एवढं हाती आलं, की अ‍ॅक्रिलिक नक्की, लोकर कदाचित.

मग घरीच जाळून बघायचं ठरवलं. साठांपैकी एका कार्डिगनला काखेत भोक होतं, ते परत पाठवण्यापेक्षा आम्ही प्रयोगाला काढलं. आतल्या शिवणीजवळून बोटभर सूत उसवलं, चिमट्यात धरलं आणि खाली स्टीलची ताटली ठेवून काडी लावली. शुद्ध लोकर असेल तर ती आळसावून जळते, ज्वाला बाजूला घेतली की बहुतेक विझते, केस जळाल्याचा वास येतो आणि मागे राहिलेला काळा फुगीर कोळसा बोटांत चुरला की त्याची भुकटी होते. अ‍ॅक्रिलिक भराभर पेटतं, काळा धूर सोडतं, वितळतं आणि थंड झाल्यावर कडक, वेडावाकडा मणी राहतो. तो नखाने फुटत नाही. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास आणि मऊ राखाडी राख.

आमच्या सुताने दोन्ही केलं. केसांचा वास स्पष्ट आला, आतून काकू “काय जाळलंस रे?” म्हणत बाहेर आल्या. पण ताटलीत पडला तो कडक मणी. म्हणजे मिश्रण. मग सहज म्हणून मनगटाच्या पट्टीचं सूत वेगळं काढून जाळलं. त्याला केसांचा वास अजिबात नाही, नुसता मणी. खालच्या पट्टीचंही तेच. अंगाचं सूत वेगळं आणि पट्ट्यांचं वेगळं. हे मला आधी सुचलं नव्हतं. पण पट्टीत नुसतं अ‍ॅक्रिलिकचं सूत वापरलं की ते स्वस्त पडतं. तेव्हा कोणी जाळून बघणार असेल तर सूत एकाच ठिकाणचं घेऊ नका.

जाळून प्रमाण कळत नाही. शिवाय रेशीम, पश्मिना, मेंढीची लोकर या सगळ्यांना केसांचाच वास येतो, त्यामुळे कुठली लोकर हेही कळत नाही.

प्रमाणासाठी ब्लीचचा प्रयोग केला. लोकर म्हणजे प्रथिन. कपडे पांढरे करायचं जे साधं ब्लीच मिळतं, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, त्यात लोकर पूर्ण विरघळते. अ‍ॅक्रिलिक, पॉलिस्टर, सुती धागे तसेच राहतात. प्रयोगशाळेतही याच तत्त्वावर मोजतात. फक्त त्यांचं द्रावण, तापमान आणि वेळ ठरलेली असते, आपलं सगळं अंदाजपंचे.

वजनासाठी सराफी दुकानातल्या मित्राकडे गेलो, कारण घरच्या काट्यावर ग्रॅमच्या खालचं दिसत नाही. “का बे, सोनं सोडून लोकर मोजायला लागलास?” असं म्हणत त्याने पाठीच्या भागाचा तुकडा मोजून दिला: २.०० ग्रॅम. घरी येऊन तो काचेच्या बरणीत ब्लीचमध्ये बुडवला. आधी पिवळा पडला, मग कडेने बारीक बुडबुडे सुरू झाले, आणि अर्ध्या तासात काठीने ढवळलं तर तुकडा जाळीसारखा विरळ झालेला. तासाभराने बुडबुडे थांबले. जे उरलं ते साडीच्या मऊ तुकड्यातून गाळून भरपूर पाण्याने धुतलं, उन्हात वाळवलं आणि रात्रभर घरातच उघडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी काट्यावर १.३६ ग्रॅम. विरघळलं ०.६४, म्हणजे सुमारे ३२ टक्के.

रात्रभर उघडं ठेवायचं कारण असं, की लोकर हवेतली आर्द्रता शोषून धरते आणि तेवढी जड होते. अ‍ॅक्रिलिक जवळजवळ शोषतच नाही. पहिलं वजन खोलीच्या हवेत केलं असेल तर दुसरंही तसंच करायला हवं. आणि ब्लीच हाताळताना हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. संडास साफ करायचं अ‍ॅसिड त्याच्या जवळपासही आणू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. आमच्या काकू न्हाणीघरात दोन्ही बाटल्या शेजारी ठेवायच्या, त्या दिवसापासून एक मागच्या अंगणात गेली.

काकूंचं म्हणणं, झालं की आता, बत्तीस टक्के लिही. पण विरघळलं ते लोकरच होतं आणि उरलं ते सगळं अ‍ॅक्रिलिकच, हे बरणी सांगत नाही. आणि गिऱ्हाइकाने हरकत घेतली तर ‘आम्ही बरणीत बुडवून बघितलं’ हे उत्तर चालणार नाही. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत विक्रेत्यावर दोन गोष्टी स्पष्ट आहेत: जाहिरात मालाच्या खऱ्या गुणधर्मांशी जुळली पाहिजे, आणि जाहिरातीप्रमाणे माल नसेल तर तो परत घ्यायला नकार देता येत नाही. साठ नगांच्या धंद्यात दहा जरी परत आले, तरी जाण्या-येण्याचा खर्च धरून नफ्याला चाट बसणार. तेव्हा एक नग प्रयोगशाळेत पाठवायचा असं ठरलं. काकूंनी तोंड वाकडं केलं, पण पैसे दिले.

लोकरीचीच म्हणावी अशी संस्था ठाण्यात आहे, वूल रिसर्च असोसिएशन. शिवाय मुंबईत कापडाच्या बऱ्याच खासगी प्रयोगशाळा आहेत. मी तीन-चार ठिकाणी फोन आणि ईमेल करून दर विचारले आणि प्रयोगशाळा तपासून मान्यता देणाऱ्या एनएबीएल मंडळाची मान्यता असलेली एक खासगी प्रयोगशाळा निवडली. फोनवर पहिला प्रश्न आला: “क्वालिटेटिव्ह की क्वांटिटेटिव्ह?” पहिल्यात कोणते धागे आहेत एवढंच कळतं, दुसऱ्यात टक्केवारी. पहिली स्वस्त म्हणून ती घेतली तर लिस्टिंगला काही उपयोग नाही. टक्केवारीच्या तपासणीचे १,८०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,१२४ रुपये, तेही आगाऊ. कुरिअरचे १२० वेगळे.

फॉर्म दोन पानी. अर्जदाराचं नाव, बिल कुणाच्या नावाने, नमुन्याचं वर्णन, कोणती तपासणी, कोणत्या मानकाप्रमाणे, अहवालात नमुन्याचा फोटो हवा का, उरलेला तुकडा परत हवा का. मानकाच्या रकान्यात काय लिहायचं ते त्यांनीच सांगितलं: आयएसओ १८३३. फोटो हवा म्हणा, नाहीतर तो अहवाल याच स्वेटरचा कशावरून, असं कुणीही विचारेल. भोकवाल्या कार्डिगनची पाठ आणि एक बाही कापून १ डिसेंबरला पाठवली.

चार तारखेला ईमेल आला, की नमुन्यात अंग आणि मनगटाची पट्टी वेगळ्या सुताची दिसते. दोन्ही तपासायचे असतील तर दुप्पट फी, नाहीतर कोणता भाग तपासायचा ते कळवा. मी अंग कळवलं. या उत्तरापर्यंत काम थांबलेलं होतं, म्हणजे तो ईमेल मी रविवारी बघितला असता तर तेवढे दिवस आणखी गेले असते. अहवाल ११ तारखेला आला.

अहवालात एकच तक्ता. लोकर ३०.६, अ‍ॅक्रिलिक ६९.४, कोरड्या वजनावर. त्याच्याच शेजारी दुसरा स्तंभ, ठरलेली आर्द्रता धरून: लोकर ३३.६, अ‍ॅक्रिलिक ६६.४. मघाशी सांगितलं तेच कारण. भट्टीत वाळवून मोजलं तर लोकर हलकी भरते, आणि तिच्या नेहमीच्या ओलाव्यासकट मोजलं तर जड. आमचे सराफी काट्यावरचे ३२ दोन्हींच्या मधे बसले याचा मला उगाच आनंद झाला. काकूंना अर्थातच मोठा आकडा आवडला. मी ३० लिहू म्हणालो, कारण आम्ही एक नग तपासलाय, साठ नाही, आणि कमी लिहून जास्त निघालं तर कुणी भांडायला येत नाही. त्यावर त्यांचं उत्तर “तुला विकायचंय की परीक्षा द्यायचीय?” पण तीसच राहिले.

अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात दोन ओळी होत्या, त्या वाचाच. एक, निष्कर्ष फक्त तपासलेल्या नमुन्याला लागू. दोन, अहवाल किंवा प्रयोगशाळेचं नाव जाहिरातीसाठी परवानगीशिवाय वापरू नये. म्हणजे ‘लॅब सर्टिफाइड’ असं लिहायचं नाही आणि अहवालाचा फोटो लिस्टिंगमध्ये टाकायचा नाही. कुणी विचारलं तर दाखवता येतो.

हे होईपर्यंत डिसेंबर अर्धा सरला होता, पण मधले दिवस वाया गेले नव्हते. टोचण्याचं आणि धुण्याचं घरीच बघून घेतलं.

लोकर टोचते म्हणजे बहुतेकांना तिची अ‍ॅलर्जी असते असं नाही. सुताच्या बाहेर आलेली केसांची टोकं जाड असली की ती कातडीवर वाकत नाहीत, ताठ राहतात आणि खुपतात. साधारण ३० मायक्रॉनच्या पुढची टोकं त्रास देतात, आणि अशी टोकं शंभरात पाचाहून जास्त झाली की बऱ्याच लोकांना जाणवायला लागतं. मेरिनो लोकर बारीक असते म्हणून अंगाला लागत नाही. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर चांगलीच जाड, त्यामुळे घोंगडी उघड्या अंगावर कुणी घेत नाही आणि घोंगडी टोचते म्हणून कुणी तक्रारही करत नाही. तक्रार येते ती मऊ म्हणून विकलेल्या मालाची.

आमच्या कार्डिगनमधल्या लोकरीची जाडी मोजून घ्यायची तर आणखी वेगळी फी होती. तेवढं केलं नाही. त्याऐवजी एक चांगला नग आधी धुतला आणि मगच घालून बघितला. आधी धुवायचं कारण असं, की कारखान्यातून माल निघताना त्यावर मऊपणाचा हात दिलेला असतो. दुकानात गालाला लावलं तर लोण्यासारखं लागतं, आणि पहिल्या-दुसऱ्या धुण्यात त्यातलं बरंच उतरतं. गिऱ्हाइकाकडे जे पोचतं आणि महिन्याने जे त्याच्या अंगावर असतं, त्यात एवढा फरक पडतो.

मी हाफ बनियनवर घातला. दंडाच्या आतल्या बाजूला थोडं, मानेला बऱ्यापैकी. शर्टावर काहीच नाही. काकांना दिला, ते पहाटे सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला जातात. जाताना ठीक होतं म्हणाले, परत येताना घाम आल्यावर मानेला चावायला लागलं. याचंही कारण आहे: ओली कातडी मऊ पडते आणि तेच टोक जास्त रुततं. आपल्याकडे साडेआठला ऊन तापतं, त्यामुळे दिल्लीच्या गिऱ्हाइकाला जे जाणवणार नाही ते इथल्याला जाणवेल. काकूंना स्वतःला काहीच टोचलं नाही. हेही तसंच लिहायचं ठरलं, कारण ‘टोचत नाही’ आणि ‘टोचतं’ या दोन्हींपैकी कुठलंही एक लिहिलं तर निम्म्या लोकांसाठी ते खोटं ठरणार.

धुण्याचं जरा सविस्तर सांगतो. शुद्ध लोकरीच्या प्रत्येक केसावर खवले असतात. गरम पाणी, घासणं आणि सोड्याची पावडर एकत्र आली की ते खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमद्यासारखं घट्ट होतं. ते परत सैल होत नाही. काही लोकर कारखान्यातच प्रक्रिया करून मशीनमध्ये धुता येण्यासारखी करतात, पण लेबलवर तसं लिहिलेलं नसेल तर ती तशी नाही असं धरावं. अ‍ॅक्रिलिकचं दुखणं उलटं. ते आटत नाही, पण गरम आणि ओलं असताना लोळागोळा होतं आणि ताणलं की ताणलेलंच राहतं. आमच्यात दोन्ही होते, तेव्हा दोन नगांवर दोन पद्धती करून बघितल्या. धुण्याआधी जमिनीवर पसरून टेपने मापं घेतली: काखेखाली छाती ५२ सेंटिमीटर, खांद्यापासून लांबी ६६.

पहिला नग थंड पाण्यात, लोकरीसाठी मिळतं त्या लिक्विडमध्ये दहा मिनिटं बुडवून, न चोळता दाबून धुतला. पिळला नाही. सोलापुरी टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाबला, तेवढ्याने बरंचसं पाणी निघालं, आणि खाटेवर सावलीत आडवा वाळवला. छाती ५१.५, लांबी ६६. काही बिघडलं नाही.

दुसरा नग मुद्दाम गिऱ्हाईक धुईल तसा धुतला: कोमट-गरम पाणी, नेहमीची पावडर, मशीनमध्ये, आणि मग तारेवर चिमटे लावून उन्हात. छाती ५०, लांबी ६९. म्हणजे आडवा आटला आणि पाण्याच्या वजनाने उभा लोंबला. काखेत आणि खिशाजवळ गोळ्या धरल्या. पट्ट्या सैल पडल्या त्या पडल्याच. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे, त्यात पावडर नीट निघतही नाही, कापड वाळल्यावर खरखरीत लागलं. हा नग आता मीच घरात घालतो. एक नग घालवला म्हणजे ४२० रुपये गेले, पण धुण्याच्या रकान्यात काय लिहायचं ते पक्कं झालं.

१६ डिसेंबरला परत लिस्टिंग उघडली. मटेरियलच्या यादीतून ‘अ‍ॅक्रिलिक वूल’ निवडला तर कुणाला वाटेल की ही लोकरीची एखादी जात असावी. ‘वूल ब्लेंड’ म्हटलं तर लोकर मुख्य वाटते, जी इथे तीसच टक्के. मी ‘अ‍ॅक्रिलिक’ निवडलं आणि लोकर शीर्षकात टाकली. काकूंशी इथे सगळ्यात जास्त वाद झाला. शोधताना लोक ‘वूलन’ टाइप करतात, अ‍ॅक्रिलिक कोण टाइप करणार, हा त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. शेवटी शीर्षकात दोन्ही शब्द आले, पण आकड्यासकट आणि मोठा आकडा आधी. ‘वूलन’ शब्द सर्च-शब्दांच्या रकान्यातही ठेवला नाही, ‘वूल मिक्स’ ठेवला.

सोनेरी स्टिकर सगळ्या नगांवरून काढले. खोबरेल तेलाचा बोळा फिरवला की गोंद निघतो, पण डाग राहू नये म्हणून ती जागा लगेच पुसावी लागते. त्या स्टिकरवर सुताच्या लडीसारखं एक गोल चित्र होतं, लांबून वूलमार्कचा भास व्हावा असं. खरा वूलमार्क १९६४ पासूनचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे, परवान्याशिवाय वापरता येत नाही. शुद्ध नव्या लोकरीला एक चिन्ह, पन्नास टक्क्यांच्या वर लोकर असलेल्या मिश्रणाला दुसरं, तीस ते पन्नासमध्ये तिसरं. आमचा माल आकड्याने तिसऱ्यात काठावर बसला असता, पण परवाना कुणाकडे आहे? स्टिकर काढलेले फोटो परत काढावे लागले, ते बरंच झालं, आधीच्यात मरून रंग लाल दिसत होता.

मजकूर असा लिहिला. कुणाला उपयोगी पडला तर आपले आकडे घालून खुशाल वापरा:

“पुरुषांचे विणीचे कार्डिगन, ७०% अ‍ॅक्रिलिक ३०% लोकर. मनगटाची व खालची पट्टी पूर्ण अ‍ॅक्रिलिक. हे शुद्ध लोकरीचे नाही. या लॉटमधील एका नगाच्या अंगाच्या भागाची टक्केवारी प्रयोगशाळेत तपासून घेतली आहे, इतर नगांत थोडा फरक असू शकतो. वजन सुमारे ३८० ग्रॅम. शर्टावर घातल्यास टोचत नाही. उघड्या मानेला काहींना टोचते, घाम आल्यावर जास्त. ज्यांना लोकर अजिबात सहन होत नाही त्यांनी घेऊ नये. थंड पाण्यात, लोकरीच्या लिक्विडमध्ये हाताने धुवावे, पिळू नये, ब्लीच वापरू नये, सावलीत आडवे वाळवावे. मशीनमध्ये धुऊन तारेवर वाळवल्यास लांबी सुमारे ३ सेंटिमीटर वाढते. वापराने काखेत गोळ्या धरू शकतात. आत लोकर असल्याने कसर लागू शकते, धुऊन पूर्ण वाळल्यावरच ठेवावे. मरून रंग फोटोत किंचित उजळ दिसतो.”

पहिल्यांदा ही लिस्टिंग नाकारली गेली. कारण आलं, की वर्णनात नकारात्मक मजकूर आहे. कोणतं वाक्य ते सांगितलेलं नव्हतं. मी ‘घेऊ नये’चं ‘यांच्यासाठी योग्य नाही’ केलं, बाकी तसंच ठेवलं, आणि दोन दिवसांनी ती मंजूर झाली. १९ डिसेंबरला कार्डिगन विक्रीला लागलं.

विक्री कशी झाली? बरी. शेजारीच ‘१०० टक्के प्युअर वूल’ लिहिलेले तसलेच कार्डिगन ६४९ ला होते आणि त्यांचा खप जास्त असणार, ते मान्य. आमचे जानेवारी संपेपर्यंत दुकानात आणि ऑनलाइन मिळून बहुतेक गेले. परत आले ते साइजमुळे. टोचण्यावरून एकही नाही. एका बाईंनी मात्र विचारलं, की सासऱ्यांना लोकर चालत नाही, पूर्ण अ‍ॅक्रिलिकचं काही आहे का. तेव्हा काकू म्हणाल्या, की पुढच्या वर्षी दोन्ही ठेवू, तेही अ‍ॅक्रिलिक असंच लिहून. लुधियानाच्या शेठना मी सांगून ठेवलंय, की टक्केवारी बिलावर हवी आणि कोड सहा आकडी हवा. बिलावर द्यायला ते अजून तयार नाहीत, पण व्हॉट्सअ‍ॅपवर ‘७०/३० मिक्स’ असं लिहून दिलं आहे. तो मेसेज मी प्रिंट काढून फाइलला लावलाय.

शालींचं अजून बाकी आहे. पंचवीस शाली आहेत, पुठ्ठ्याच्या पेटीवर ‘पश्मिना’ छापलंय, खरेदी १८० रुपये. बिलावर कोड ६२१४४०. शालीत ६२१४२० म्हणजे लोकर किंवा पश्मिन्यासारखे बारीक केस, ६२१४३० म्हणजे सिंथेटिक, आणि ६२१४४० म्हणजे व्हिस्कोसच्या जातीचा कृत्रिम धागा. किनारीचं सूत जाळलं तर कागद जळाल्यासारखा वास आला आणि मऊ राख पडली. मणी नाही, केसांचा वास नाही. इथे प्रयोगशाळेचे दोन हजार घालवायची गरज दिसत नाही. पुढच्या दिवाळीला त्या ‘व्हिस्कोसच्या शाली’ म्हणून लागतील. पेट्या काकूंनी आत्ताच रद्दीत दिल्यात.